तोलोलिंगच्या पाठीवर गोळा टाकायचा तर तोफ कोणती?

कारगिलचा विषय निघाला की मुंबईत लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं, “बोफोर्स होती म्हणून निभावलं.” वाक्य खोटं नाही. पण का निभावलं असं विचारलं की उत्तर मिळतं, “पल्ला मोठा होता ना तिचा!” आणि हे कारण काही पटत नाही. पल्ल्याचंच म्हणाल तर सोव्हिएत बनावटीची १३० मिमी एम-४६ फील्ड गन आपल्या तोफखान्यात आधीपासून होती. तिचा पल्ला सुमारे २७ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून जवळजवळ गोरेगाव. बोफोर्सचा साध्या गोळ्याने पल्ला २४ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जोगेश्वरी. तीन किलोमीटर कमी पडणारी तोफ डोंगरात सरस का ठरावी?

दादरला आमचा लष्करी इतिहासाचा एक छोटा गट जमतो. कॉलेजची दोन-तीन मुलं, एक-दोन इंजिनीअर, बाकी निवृत्त मंडळी. त्यात मुलुंडहून येणारे एक सुभेदारसाहेब आहेत, अख्खी नोकरी तोफखान्यात झालेले. हा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला तेव्हा त्यांनी पल्ल्याचा तक्ता बाजूला सारला आणि आलेखाचा कागद मागवला. “पल्ला नंतर बघू. आधी डोंगर काढा,” म्हणाले. पुढचं सगळं त्या कागदावरचं आहे.

प्रसंग असा. १९९९च्या मे महिन्यात द्रासच्या वरच्या डोंगरधारांवर घुसखोर पक्के बसलेले होते. तोलोलिंगवरून श्रीनगर-लेह रस्ता उघडा दिसत होता आणि त्यावरच्या गाड्यांवर नेमका मारा होत होता. द्रास समुद्रसपाटीपासून सुमारे ३२०० मीटरवर आहे आणि तोलोलिंगचं शिखर ४५९० मीटरवर. पायदळाचे सुरुवातीचे हल्ले फसले, माणसं गेली. शेवटी १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने ते शिखर घेतलं. त्याआधी तोफखान्याने डोंगर भाजून काढला होता. पण डोंगराच्या दोन बाजू असतात, आणि आमचा प्रश्न पलीकडच्या बाजूचा होता. समोरच्या उतारावरचा मोर्चा आपल्याला दिसतो. पाठीच्या उतारावर असतात ते तंबू, दारूगोळ्याचा साठा, रसदीची वाट आणि त्यांच्या स्वतःच्या उखळी तोफा. तिथे गोळा पोचला नाही, तर समोरचे मोर्चे रात्रीतून पुन्हा भरले जातात.

कागदावरचा डोंगर आम्ही सोपा केला. त्या लढाईतल्या कोणत्याही खऱ्या तोफेची ही जागा नाही, फक्त मापं त्या मुलखाला साजेशी आहेत. तोफ शून्य उंचीवर. तिच्यापासून ७ किलोमीटरवर डोंगराची धार, तोफेपेक्षा १३०० मीटर उंच. धारेपलीकडे ३५ अंशांचा उतार, म्हणजे सह्याद्रीतल्या नाळेतून उतरताना हात टेकावे लागतात तसा. लक्ष्य धारेच्या मागे ४०० मीटर आणि धारेपेक्षा २८० मीटर खाली. म्हणजे तोफेपासून आडवं अंतर ७४०० मीटर, उंची १०२० मीटर. एका सेंटिमीटरला ५०० मीटर धरले तर डोंगर कागदावर जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच दिसतो आणि लक्ष्य धारेच्या मागे एका सेंटिमीटरच्या आत लपतं. ती इवलीशी सावली बघून कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, “काका, एवढंच?” सुभेदारसाहेब हसले. “एवढ्यातच सगळं आहे, बाळा.”

हवा बाजूला ठेवली तर गोळ्याचा प्रक्षेपमार्ग बारावीच्या पुस्तकातल्या समीकरणाने निघतो:

```
y = x·tanθ − g·x² / (2·v²·cos²θ)
```

इथे v म्हणजे नळीतून सुटतानाचा वेग आणि θ म्हणजे नळीचा कोन. खऱ्या गोळ्याला हवा अडवते, त्यामुळे तो जरा लवकर आणि जरा जास्त तीव्र कोनात खाली येतो. म्हणून खालचे आकडे गोळीबाराचे नाहीत, तुलनेचे आहेत. फील्ड गन, हॉवित्झर आणि उखळी या तीन तोफांमधला फरक कळायला ते पुरतात.

पहिली पाळी फील्ड गनची. एम-४६चा गोळा पूर्ण चार्जवर, म्हणजे दारूचं सगळं भरण घालून, सेकंदाला ९३० मीटर वेगाने सुटतो. एवढ्या वेगाला ७४०० मीटर म्हणजे शेजारचं घर. समीकरण सांगतं, नळी सव्वादहा अंशांवर ठेवा. रेघ काढली आणि ती सरळ डोंगराच्या पोटात घुसली. धारेच्या अंतरावर गोळा ९८० मीटर उंचीवर आहे आणि धार १३०० मीटरवर. बरं, नळी उचलून धार ओलांडू म्हटलं, तर पावणेतेरा अंश लागतात. पण त्या क्षणी गोळा अजून वर चढतो आहे. धारेवरून तो आठ अंशांनी चढत जातो आणि लक्ष्याच्या डोक्यावरून निघून कित्येक किलोमीटर पलीकडच्या दरीत पडतो. हवेचा हिशोब धरला तरी हे चित्र फारसं बदलत नाही, कारण एवढ्या जवळ त्याचा वेग अजून भरपूर शिल्लक असतो.

“मग दारू कमी करायची,” एका इंजिनीअर मित्राने सुचवलं. बरोबर आहे, वेग कमी केला की वाट जास्त वाकते. पण एम-४६ची नळी ४५ अंशांच्या वर जात नाही. तेव्हा तिच्या सगळ्यात वरच्या कोनावरच हिशोब केला. ४५ अंशांवरून त्या लक्ष्यावर गोळा टाकायचा तर वेग सेकंदाला २९० मीटर हवा. इतका मंद चार्ज या तोफेसाठी बनवलेलाच नाही. तो आहे असं धरलं, तरी गोळा धारेच्या अंतरावर १२९१ मीटर उंचीवर येतो. नऊ मीटर कमी. म्हणजे फील्ड गनला सगळ्या सवलती दिल्या तरी गोळा धारेच्या अलीकडेच फुटतो.

हे नऊ मीटर म्हणजे या अख्ख्या प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. तोफ दुबळी नाही, तिच्या घडणीची दिशा वेगळी आहे. लांब नळी, मोठा वेग, सपाट वाट. सपाट मुलखात ४५ अंशांच्या वर जायची गरजच नसते, कारण त्यावर नळी उचलली की पल्ला उलट घटतो. शिवाय गोळा सुटला की नळी मागे येते. नळी उभी असेल तर तिचं बूड जमिनीवर आपटू नये म्हणून झटका आवरणारी यंत्रणा वेगळी लागते, नाहीतर खाली खड्डा खणावा लागतो. फील्ड गनवाल्यांनी हा खटाटोप टाळला आणि त्या बदल्यात वेग आणि पल्ला मिळवला. पंजाबच्या किंवा राजस्थानच्या मैदानात हा सौदा फायद्याचा आहे. तिथे २७ किलोमीटरवरची शत्रूची तोफ किंवा रस्त्यांचा नाका गाठायचा असतो, मध्ये डोंगर नसतो, आणि सपाट वाटेचा गोळा हवेत कमी वेळ राहतो म्हणून वाऱ्याने कमी भरकटतो.

सपाट वाट कुठे शोभते हे मुंबईकराला बघायचं असेल तर घारापुरीला जावं. लेणी पाहून बहुतेक लोक बोट पकडतात. पण वर टेकडीवर ब्रिटिश काळातल्या दोन मोठ्या तोफा आहेत, तोंड बंदराकडे केलेल्या. समुद्राला ना धार ना नाळ, आणि जहाज म्हणजे पाण्यावर उभी असलेली भिंत. सपाट येणारा गोळा अंतराच्या अंदाजात थोडा चुकला तरी त्या भिंतीला कुठेतरी लागतो. उभा पडणारा गोळा तेवढ्याच चुकीने पाण्यात जातो.

आता हॉवित्झर. बोफोर्स एफएच-७७बी ही १५५ मिमी हॉवित्झर, १९८६च्या करारात आपण ४१० घेतल्या. तिची नळी ७० अंशांपर्यंत उठते आणि तिला दारूचे कमी-जास्त असे अनेक चार्ज आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय हॉवित्झर होत नाही. नुसती नळी उठून उपयोग नाही. पूर्ण वेगाने ७० अंशांवर मारलेला गोळाही कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडेल. वेग उतरवता आला तरच तो जवळ आणि उभा पडतो.

कागदावर आम्ही सेकंदाला ३३० मीटर वेगाचा कमी चार्ज घेतला. गंमत अशी की एकाच वेगाला त्या लक्ष्यावर दोन वाटा निघतात. एक खालची, ३० अंशांची. ती धारेच्या अंतरावर ११३५ मीटर उंचीवर येते, म्हणजे शिखराच्या १६५ मीटर खाली डोंगरात आदळते. दुसरी वरची, साडेसदुसष्ट अंशांची. ही वाट तोफेपासून ४७०० मीटर उंच चढते. द्रासची उंची धरली तर समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७९०० मीटर. तिथून खाली वळते, धारेला पाचशेहून जास्त मीटर वरून ओलांडते आणि लक्ष्यावर ६५ अंशांनी उतरते. उतार ३५ अंशांचा, पडती ६५ अंशांची. गोळा पाठीच्या उतारावर नेमका टेकतो.

सुभेदारसाहेबांनी पेन्सिलीने त्या शेवटच्या तुकड्याभोवती गोल काढला आणि एक नियम सांगितला, तो मी जसाच्या तसा देतो: “पडतीचा कोन उतारापेक्षा मोठा हवा. नसेल, तर जगातली कुठलीही तोफ आणा, त्या उताराला गोळा शिवणार नाही.” ३५ अंशांच्या उतारावर १७ अंशांनी उतरणारा गोळा जमिनीच्या जवळ येतच नाही, उलट जमीनच त्याच्यापासून लांब पळते. ट्रेकवाल्यांना हे सांगावं लागत नाही. कड्याच्या टोकावरून फेकलेला दगड पायथ्याशी कधीच पडत नाही, तो पार पुढे जाऊन झाडीत गडप होतो.

मग बोफोर्सने सगळे गोळे उभेच मारले का? नाही, आणि हीच तिची खरी खुबी. समोरच्या उतारावरचे संगर, म्हणजे दगड रचून केलेले मोर्चे, फोडायला तीच तोफ सपाट वाटेने वापरली गेली. काही ठिकाणी तर लक्ष्य डोळ्यांनी बघून थेट नेम धरून. याचं गणितही कागदावर सुंदर निघालं. सपाट जमिनीवर १० अंशांनी उतरणारा गोळा दहा मीटर जास्त उंचीवरून आला, तर तो ५७ मीटर पुढे जाऊन पडतो. तोच गोळा ३५ अंशांनी वर चढणाऱ्या उतारावर आला, तर तीच दहा मीटरची चूक फक्त ११ मीटरची होते, कारण जमीन त्याला सामोरी येते. म्हणजे समोरच्या उतारावर सपाट वाट नुसती चालते असं नाही, ती मैदानापेक्षाही नेमकी बसते. डोंगराच्या पुढच्या बाजूला फील्ड गनचा गुण लागतो आणि मागच्या बाजूला उखळीचा. दोन्ही गुण एका नळीत आणि वर ४३ किलोच्या आसपास वजनाचा गोळा, म्हणून बोफोर्स. पल्ल्याचं नाव सगळ्यात शेवटी.

इथे एक भर घालायला हवी. त्या लढाईत मोठं काम आपल्या १०५ मिमी इंडियन फील्ड गननेही केलं. नाव फील्ड गनचं असलं तरी तिची नळी ७३ अंशांपर्यंत उठते आणि चार्जही बदलतात. वागणुकीने ती हॉवित्झरच्या गोतातली आहे. तिची अडचण वाटेची नव्हती, गोळ्याची होती. पंधरा किलोच्या आसपासचा गोळा उघड्यावरच्या माणसाला पुरतो, पण खडकात रुतवलेल्या आणि वरून झाकलेल्या संगरला त्याचा फारसा त्रास होत नाही.

उभ्या वाटेची किंमत मात्र चांगलीच मोजावी लागते. आमच्या कागदावरचा उभा गोळा हवेत जवळजवळ ५९ सेकंद राहतो, खालच्या वाटेचा २६. त्या एका मिनिटात तो आठ हजार मीटर उंचीच्या वाऱ्यांतून जाऊन येतो. खाली तोफेपाशी झेंडा हलत नसेल, पण वर जोराचा वारा असू शकतो आणि गोळा शंभरेक मीटर बाजूला सरकला तरी नवल नाही. म्हणून हवामानाचा फुगा सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा आणि तापमान मोजतात आणि ती माहिती हिशोबात घेतात. ती जुनी झाली की गोळे हळूहळू एकाच बाजूला सरकायला लागतात. तोफ तीच, चार्ज तोच, तरी सगळे गोळे डावीकडे जात असतील, तर अनुभवी गोलंदाज तोफेकडे नाही, आभाळाकडे बघतो.

त्यात पुन्हा विरळ हवा. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी असते. अडवणूक कमी म्हणून गोळा तक्त्यापेक्षा लांब जातो. उलट थंडीत दारू गारठली की ती मंद जळते, सुटतानाचा वेग घटतो आणि गोळा आखूड पडतो. दोन चुका विरुद्ध दिशेच्या, पण एकमेकींना बरोबर खोडतील असा भरवसा धरता येत नाही. सकाळी आणि दुपारी एकाच लक्ष्यावर वेगळे आकडे लागतात.

हे सगळं ज्याच्या डोळ्यांवर चालतं तो ओपी, म्हणजे पुढे जाऊन लक्ष्य बघणारा तोफखान्याचा अधिकारी. मैदानात तो गोळा लक्ष्याच्या पुढे-मागे पडलेला पाहून सुधारणा सांगतो. डोंगरात गोळा चारशे मीटर लांब गेला तर तो दिसतच नाही. धूर नाही, धूळ नाही, फक्त पलीकडून दबका आवाज. त्यावरून कळतं की गोळा धारेपलीकडे गेला, पण नक्की किती, ते कळत नाही. सुभेदारसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे अशा वेळी मोठी उडी मारून मागे येतात, समोरच्या उतारावर दिसेल असा गोळा पाडतात आणि तिथून थोडं थोडं वर चढवत धारेपर्यंत नेतात. पाठीच्या उतारावर खात्रीने मारायचं असेल तर ओपी बाजूच्या उंच धारेवर हवा. म्हणून अशा मुलखात घेतलेलं प्रत्येक शिखर पुढच्या शिखरासाठी डोळा होतं. तोलोलिंग हाती आल्यावर पुढचं काम सोपं होण्यामागे हेही एक कारण होतं.

उभ्या वाटेचा आणखी एक तोटा शत्रूकडून येतो. तोफ शोधणारं रडार उडत्या गोळ्याची वाट पकडून ती उलट मोजत तोफेपर्यंत पोचतं. गोळा जितका वर आणि जितका वेळ हवेत, तितकं त्याचं काम सोपं. १९९९ला पाकिस्तानकडे असं अमेरिकी रडार होतं, आपल्याकडे नव्हतं. सपाट वाटेचा गोळा डोंगराच्या आडोशाने निसटून जाऊ शकतो, उभा गोळा आभाळात टांगल्यासारखा दिसतो. त्यामुळे उभा मारा करणाऱ्या तुकडीला एका जागी फार वेळ रेंगाळणं परवडत नाही, आणि बारा टनांची बोफोर्स द्रासच्या अरुंद पट्टीत हलवायची तर रस्त्याला चिकटूनच राहावं लागतं.

आता उखळी तोफ. तिला कागदावरच्या मूळ जागेवरून मारता येईल का? १२० मिमी उखळीलाही एवढं आडवं अंतर आणि वर हजार मीटरची चढण म्हणजे ताकदीच्या टोकाशी. ८१ मिमीचा तर प्रश्नच नाही, तिचा पल्ला पाच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे उखळी पुढे न्यायला हवी. ती नेता येते, हेच तिचं बळ. ८१ मिमीचे नळी, पाय आणि तळपट्टी असे तीन तुकडे होतात आणि माणसं ते पाठीवर घेऊन चढतात. १२० मिमीला खेचर किंवा गाडी लागते, पण बोफोर्स जिथे स्वप्नातही जाणार नाही अशा नाल्यात ती बसते.

आम्ही १२० मिमी उखळी डोंगराच्या पायथ्याच्या नाल्यात ठेवली, धारेपासून अडीच किलोमीटर अलीकडे आणि तोफेच्या जागेपेक्षा ३०० मीटर वर. सेकंदाला २०० मीटर वेग पुरला. नळी पावणेत्रेसष्ट अंशांवर, बॉम्ब धारेला २०० मीटर वरून ओलांडतो आणि ५५ अंशांनी उतरतो. सुमारे ३२ सेकंदांत. हॉवित्झरच्या उभ्या गोळ्याच्या जवळजवळ निम्मा वेळ आणि वर चढणं फक्त १६०० मीटर, त्यामुळे वरच्या वाऱ्याशी गाठच कमी. जवळ गेल्याचा हा फायदा पल्ल्याच्या तक्त्यात दिसत नाही.

उखळीची नळी ४५ अंशांच्या खाली येतच नाही, कारण तिचा झटका सरळ तळपट्टीतून जमिनीत जातो. झटका आवरायची यंत्रणा नाही म्हणून ती हलकी. पण म्हणूनच सगळा भार जमिनीवर. मऊ मातीत तळपट्टी रुतत जाते, आणि नुसत्या खडकावर ती बसतच नाही, प्रत्येक बॉम्बला उडी मारते. मग वाळूच्या पोत्यांचं अंथरूण करावं लागतं. पहिले काही बॉम्ब तळपट्टी बसवण्यातच जातात, आणि प्रत्येक बॉम्बनंतर नळीचा कोन पुन्हा तपासला नाही तर मारा विस्कटतो. बॉम्ब एकमेकांपासून लांब लांब आणि कुठल्याही दिशेला पडायला लागले की समजावं, वारा नाही, बूड हललं आहे.

आणि समोरच्या उतारावर उखळी कच्ची पडते. १२० मिमीचा बॉम्ब तेरा किलोच्या आसपास आणि वेग मंद. तो वरून पडून तंबू, खेचरं, उघडी माणसं उधळून लावतो, पण दगडी संगरच्या भिंतीत घुसायची ताकद त्याच्यात नाही. शिवाय समोरच्या उतारावर आपलंच पायदळ चढत असतं. सपाट वाटेचा गोळा त्यांच्या डोक्यावरून फार कमी उंचीने जातो आणि आखूड पडला तर त्यांच्यातच पडतो, हे खरं. त्या बाबतीत उभा बॉम्ब बरा, कारण तो वाटेत त्यांच्या जवळून जात नाही. पण मंद, वाऱ्यावर डोलणारा बॉम्ब आपल्या माणसांच्या शंभर मीटर पुढे पाडायची जोखीम कोणी सहज घेत नाही.

त्या दिवशी कागद भरल्यावर आमच्यात थोडा वाद झाला. एकाचं म्हणणं, मग डोंगरात फील्ड गन आणूच नये. मला ते पटत नाही. डोंगरातही लांब, रुंद दऱ्या असतात. दोन धारांमधून सरळ दिसणारा मागचा रस्ता, लांबचा पूल, दुसऱ्या खोऱ्यातली तोफांची तुकडी, ही फील्ड गनचीच कामं. तिथे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं असलं की तिचाही गोळा दमून बऱ्यापैकी उभा पडायला लागतो. तिची अडचण होते ती जवळच्या धारेच्या लगेच मागे. नकाशावर तोफेच्या जागेपासून रेघ ओढायची, मधली प्रत्येक धार आणि तिच्यामागचा उतार मोजायचा, आणि जिथे पडतीचा कोन कमी पडतो तो पट्टा काळा करायचा. तोफखान्यात हे काम हातानेही व्हायचं. द्राससारख्या ठिकाणी फील्ड गनसाठी असा नकाशा केला तर धारांच्या मागे काळे पट्टेच पट्टे निघतील. हॉवित्झरचे पट्टे बारीक होतात, आणि नाल्यात बसलेल्या उखळीचे आणखी बारीक, फक्त तिचा नकाशाच पाच-सात किलोमीटरवर संपतो.

पुढच्या खरेद्यांकडे बघितलं तर लष्कराचं लक्ष याच काळ्या पट्ट्यांवर असावं असं दिसतं. जुन्या एम-४६ तोफांना १५५ मिमीची नळी बसवून ‘शारंग’ केली गेली. बोफोर्सच्या आराखड्यावरून पुढे नेलेली ‘धनुष’ आली. आणि २०१६च्या करारातून १४५ एम-७७७ हॉवित्झर घेतल्या, साधारण सव्वाचार टनांच्या, हेलिकॉप्टरला टांगून नेता येणाऱ्या. नळी सत्तर अंशांच्या पुढे जाते, गोळा बोफोर्सच्याच तोलाचा, आणि बसायला रस्ता लागत नाही. आमच्या कागदावर ती नाल्यात, उखळीच्या शेजारी ठेवून बघायचं काम त्या कॉलेजच्या मुलाकडे दिलं आहे. फक्त तिथे गोळे कसे पोचवायचे, तेही त्यानेच काढायचं आहे: एक गोळा त्रेचाळीस किलोचा, आणि खेचराच्या पाठीवर एका खेपेला दोनाच्या वर चढत नाहीत.